वांगी रंगाची जुळवाजुळव

कशेळ्याच्या पुढे डोंगराकडे वळणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात दोन जावा राहतात. दोघी लग्नात धवळे गातात. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं त्यांना पाठ आहे, आणि आजूबाजूच्या गावांत लग्न ठरलं की मांडवाच्या आधी या दोघींना सांगावा जातो. थोरलीचा मुलगा खोपोलीत एका कारखान्यात नोकरीला आहे. तो एकदा कर्जतला माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, आई आणि काकी बसून बोलतायत, आठवणी सांगतायत, असं एक रेकॉर्डिंग करून द्या. गाणी मोबाइलवर हायत पुष्कळ. त्यांचं बोलणं कुठंच नाय."

मी कर्जतच्या बाजारपेठेतली. वडील शाळेत शिक्षक होते, मी शूटिंग आणि एडिटिंगच्या धंद्यात पडले. माझा भागीदार खोपोलीचा. दोघं मिळून लग्नं, वाढदिवस, रिसॉर्टवाल्यांच्या जाहिराती असं काय काय करतो. त्याच्याकडे त्याचा कॅमेरा, माझ्याकडे माझा. दोन वेगळ्या कंपन्यांचे, दोन वेगळ्या वयाचे. माझा नवा, त्याचा बराच जुना. लग्नात हे चालून जातं, कारण तिथे दिव्यांचाच एवढा धुमाकूळ असतो की कुठल्या कॅमेऱ्याने काय रंग पकडला ते कोणी बघत नाही. मुलाखतीचं तसं नाही. एक माणूस बोलतं, मग दुसऱ्याकडे कट जातो, परत पहिल्याकडे येतो. प्रत्येक कटला उजेड आणि रंग बदलला, तर बघणाऱ्याला नक्की काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण दोघी एका ठिकाणी बसलेल्या वाटत नाहीत.

म्हणून त्या सकाळी मी त्यांच्या ओटीवर पोचल्यापासून उजेडच बघत होते. भातकापणी होऊन गेली होती. अंगण सारवलेलं, कोपऱ्यात पेंढा रचलेला. ओटीवर ऊन थेट येत नव्हतं, आकाशाचा मऊ उजेड येत होता, आणि तो दुपारपर्यंत फारसा हलणार नव्हता. दोघींना शेजारी शेजारी, थोडं एकमेकींकडे वळवून बसवलं. माझा कॅमेरा थोरलीवर, भागीदाराचा धाकटीवर. मी मधे, जमिनीवर.

दोघी एकसारखं लुगडं नेसून आल्या होत्या. वांगी रंगाचं, बारीक पिवळ्या काठाचं. "गायला जातो तवा हेच नेसतो," धाकटी म्हणाली. "लांबनं बगितलं की लोक वळखतात, आल्या म्हनून."

भागीदाराने विचारलं, "दोन्हीकडे छप्पन्नशे ठेवू?" उजेड किती पिवळा किंवा निळा आहे ते कॅमेऱ्याला सांगायचा हा आकडा. कॅमेऱ्याला ते आपोआप ठरवू दिलं, तर कोणी हात हलवला तरी तो मधेच मत बदलतो, म्हणून आकडा पक्का करायचा. आम्ही दोन्हीकडे एकच आकडा टाकला आणि पडदे शेजारी धरून बघितले. माझ्यात थोरलीचा चेहरा किंचित गुलाबी, त्याच्यात धाकटीचा हिरवट. आकडा एक, रंग दोन. दरवेळी असंच होतं, आणि दरवेळी मला त्याचं नवल वाटतं. दोन कंपन्यांनी त्या आकड्याचा अर्थ आपापल्या परीने लावलेला असतो. उजेडाच्या बाबतीतही तेच. दोघांची सेटिंग अगदी सारखी, तरी त्याचं चित्र जास्त उजळ.

तेव्हा आकडे सोडून दिले आणि राखाडी कार्ड काढलं. साधा पुठ्ठाच तो, पण त्याच्या राखाडीत दुसऱ्या कुठल्याच रंगाची झाक नाही. आधी थोरलीच्या तोंडापुढे धरून माझ्या कॅमेऱ्याला सांगितलं, हे राखाडी समज. मग धाकटीच्या पुढे धरून त्याच्या कॅमेऱ्याला. मग त्याच्या कॅमेऱ्याची संवेदनशीलता थोडी उतरवली. कार्डाचा उजेड दोन्ही पडद्यांवर सारखा दिसेपर्यंत. रंग भडक करणारी, कडा टोकदार करणारी कॅमेऱ्यातली सगळी सजावट बंद केली.

"हे आमचं तोंड झाकून काय बगता?" थोरलीने विचारलं.

"दोन्ही कॅमेऱ्यांची भाषा एक करतोय, आजी."

"त्यांची नाय जमत?"

"सहसा नाही जमत."

ती धाकटीकडे बघून हसली. तेव्हा मला वाटलं, सहजच हसली.

भागीदार माझ्या कानाशी म्हणाला, "थोरली सावळी आहे. तिला जरा उजळ करूया का? धाकटीशी बरोबर जुळेल." मी नाही म्हटलं. जुळवायचं ते कार्ड, चेहरे नव्हेत. एक बाई सावळी आणि एक गोरी असेल, तर ती तशीच दिसली पाहिजे. एका ओटीवर, एका उजेडात बसलेल्या दोन वेगळ्या बायका. त्याला ते पटलं, पण हात लावायचा मोह काही त्याच्या चेहऱ्यावरून गेला नाही.

मुलाखत छान झाली. धाकटी बोलकी, थोरली मोजकं बोलणारी. मधे धाकटीने स्वतःहूनच तो विषय काढला. घराची वाटणी झाली तेव्हा दोन्ही भावांत बिनसलं, आणि त्यापायी या दोघींमध्ये अबोला आला. एका आडभिंतीच्या दोन बाजूंना राहायच्या, पण गायला वेगवेगळ्या जायच्या. "एकटीचं धवळं काय गानं असतं? एकीनं उचलायचं, दुसरीनं धरायचं," ती म्हणाली. "शेवटी मीच गेले. कर्जतच्या दुकानातनं दोन लुगडी घेतली, एकाच गठ्ठ्यातली. एक हिच्या पुढ्यात ठेवलं. म्हटलं, उद्या हळद हाय, येतेस का? हीच ती लुगडी."

थोरलीने पदर सारखा केला. माझ्या कॅमेऱ्यात तो क्षण फार सुंदर आला होता. मला वाटलं, भरून आलं असेल.

शेवटी माझ्या सवयीप्रमाणे दोघींना अंगणातल्या सावलीत शेजारी उभं केलं. मधे रंगांच्या चौकोनांचा पुठ्ठा धरला आणि दोन्ही कॅमेऱ्यांनी ते एकच दृश्य आळीपाळीने घेतलं. पुढे घरी बसून रंग जुळवायला हे कामाला येतं. ज्याचे रंग आधीच ठाऊक आहेत अशी वस्तू दोन्ही कॅमेऱ्यांनी पाहिलेली असली, की कोण कुठे चुकतंय ते कळतं.

घरी एडिटिंगला बसले. आधी उजेड. राखाडी, काळं, पांढरं दोन्हीकडे उजेडाच्या एकाच पातळीवर आणलं. मग राखाडीत कुठे गुलाबी किंवा हिरवी झाक उरली होती ती काढली. मग रंगांचा भडकपणा. मग पुठ्ठ्यावरचे चौकोन एकेक करून. त्याच्या जुन्या कॅमेऱ्याचा लाल थोडा केशरीकडे झुकत होता, तो सरळ केला. त्वचेचे रंग जागच्या जागी आले. मागची भिंत, लाकडी खांब, पितळेची घंटा, सगळं जुळलं. एका बाईवरून दुसरीवर कट टाकला की वाटायचं, आपण ओटीवर बसून नुसती मान वळवतोय.

फक्त लुगडी जुळेनात.

धाकटीचं वांगी होतं तसं वांगी. थोरलीचं मात्र निळ्याकडे गेलेलं. म्हणजे जांभळाच, पण वेगळा. मला आधी आश्चर्य वाटलं नाही. जांभळ्याचं कॅमेऱ्यांना नेहमीच जड जातं. आपला डोळा रंग जसा वाचतो, तसा प्रत्येक कॅमेरा वाचतोच असं नाही. कापडाच्या रंगात टोकाचा लाल आणि टोकाचा निळा किती, यावर कॅमेऱ्याचं उत्तर बदलतं, आणि पुठ्ठ्यावरचा जांभळा चौकोन जुळला म्हणून कापडाचा जांभळा जुळेलच याची खात्री नाही. मी मनात माझ्या नव्या कॅमेऱ्यालाच दोष दिला.

भागीदाराला दाखवलं. तो म्हणाला, "तेवढाच रंग पकडून थोडा लालकडे सरकव. संपलं."

ते सहज होण्यासारखं होतं. पण आधी मी अंगणातलं ते दोघींचं दृश्य उघडलं. विचार असा, की त्यात माझ्या कॅमेऱ्याने दोन्ही लुगडी एकदम पाहिली आहेत. कॅमेरा जांभळ्याला निळं करत असेल, तर दोन्ही निळी दिसतील, आणि किती सरकवायचं ते कळेल.

दोन्ही निळी नव्हती. माझ्याच कॅमेऱ्यात, एकाच चौकटीत, एकाच सावलीत थोरलीचं निळसर आणि धाकटीचं वांगी. मग त्याच्या कॅमेऱ्याचं तेच दृश्य उघडलं. तिथे दोन्ही तंतोतंत एक. त्या दिवशी माझ्या डोळ्यांनाही ती एकच दिसली होती.

मी बराच वेळ खुर्चीत मागे टेकून बसले. कापड एक, उजेड एक, कॅमेरा एक, तर रंग दोन कसे येतील? कॅमेरा चुकला असेल, पण त्याने दोन्हींच्या बाबतीत एकच चूक करायला हवी होती. तेव्हा कापडच एक नव्हतं. वरवर सारखे दिसणारे दोन रंग वेगवेगळे पदार्थ मिसळून तयार करता येतात. डोळा फसतो, जुना कॅमेरा फसला, माझा फसला नाही. एकाच गठ्ठ्यातली लुगडी असती तर हे झालंच नसतं.

"धुवून विटलं असेल," भागीदार म्हणाला.

"विटलं असतं तर डोळ्यालाही दिसलं असतं. फिकट झालं असतं. हे फिकट नाहीये, दुसरंच आहे."

"मग आपल्याला काय करायचंय?"

खरं तर काहीच करायचं नव्हतं. पण मला राहवेना. त्यातून मुलाने सांगितलं होतं, आईला कच्चं एडिटिंग एकदा दाखवा. लॅपटॉप घेऊन मी गावात गेले. धाकटी कळंबला नातेवाइकांकडे गेली होती. थोरली एकटीच तांदूळ निवडत बसली होती. तिला थोडं दाखवलं आणि जितक्या सहज विचारता येईल तितक्या सहज विचारलं, "आजी, तुमचं लुगडं हेच का? काकींनी दिलेलं?"

ती सुपातले खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "का गं?"

"कॅमेऱ्यात जरा वेगळं दिसतंय."

"किती वेगळं?"

मी दाखवलं. ती पडद्याजवळ वाकली. नाक टेकेल इतकी. मग भिंतीला टेकली. "एवढी वर्सं झाली. डोळ्याला कुनाच्या दिसलं नाय."

मग तिने सांगितलं. धाकटीने लुगडं दिलं त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते धुवून कुंपणावर वाळत टाकलं होतं. शेळीने पदर ओढला आणि चघळून चघळून त्याची चाळण केली. "नेसन्यासारकं ऱ्हायलं नाय. आन हिला सांगनार कसं? नुकतं कुटं बोलाया लागलो होतो." कर्जतच्या दुकानात गेलं तर धाकटीच्या कानावर जाईल, म्हणून ती उरलेला तुकडा घेऊन कल्याणला गेली. दुकानं पालथी घातली. एका दुकानात ट्यूबलाइटखाली तुकडा ठेवून, दाराशी उजेडात नेऊन, परत आत आणून तिने रंग जुळवला होता. काठ तेवढा वेगळा मिळाला, म्हणून जुन्याचा काठ कापून नव्याला शिवला.

मला एकदम मोठी गंमत वाटली. मी जे लॅपटॉपवर करत होते, तेच तिने दुकानाच्या दारात केलं होतं. आणि जवळजवळ जमवलंही होतं.

"तुज्या दोन्ही कॅमेऱ्यांत दिसतं का हे?"

"एकातच."

"मग मला त्या दुसऱ्यातनं दाव की."

मी म्हटलं, जवळचं बोलणं तर याच कॅमेऱ्यातून घेतलंय, पण तेवढाच रंग निवडून बदलता येतो. कोणाला कळणार नाही. ती "बरं" म्हणाली आणि परत निवडायला लागली. मी निघाले तेव्हा ती रस्त्यापर्यंत सोबत आली, पण त्याबद्दल पुन्हा बोलली नाही.

मी तो जांभळा वेगळा पकडून वांगीकडे सरकवला. चेहऱ्यावर, भिंतीवर त्याचा परिणाम होणार नाही याची काळजी घेतली. पदराच्या सावलीतला भाग अवघड गेला, तिथे रंग डागासारखा उमटायचा. तो मऊ केला. शेवटी दोन्ही लुगडी एक झाली.

पुढच्या रविवारी दुपारी त्यांच्या घरी सगळे जमले. मुलगा, सून, धाकटीची मुलगी आणि जावई. आम्ही दोघं. लॅपटॉप टीव्हीला जोडला. टीव्हीचे रंग इतके भडक लावलेले होते की माझी सगळी मेहनत पाण्यात जायची वेळ आली. मी रिमोट मागून ते खाली आणले. मग चालू केलं.

दोघी स्वतःला बघत होत्या. धाकटी टीव्हीतल्या धाकटीच्या बरोबरीने पुटपुटत होती. लुगड्यांची गोष्ट आली. पडद्यावर ती म्हणाली, एकाच गठ्ठ्यातली. मग थोरलीचा चेहरा आला, तिने पदर सारखा केला. वांगी, अगदी वांगी.

"थांबव गं जरा," थोरली मला म्हणाली.

मी थांबवलं.

"ते लुगडं तुजं नाय," ती धाकटीकडे न बघता म्हणाली. "तुजं शेळीनं खाल्लं. हे मी कल्यानवरनं आनलं."

सून हातातला चहाचा ट्रे तसाच धरून उभी राहिली. मला वाटलं, माझ्या चौकशीपायी हे काय उपटलं. धाकटी थोरलीकडे वळली. मग तिने विचारलं, "कुनाची शेळी?"

"तुजीच."

"बांडी?"

"बांडी."

"म्हनून तू तवा कल्यानला गेलीस? डोळं दावाया जाते म्हनालीस मला. मी तुजी भाकर बांधून दिलीवती."

"हां. खाल्ली ती."

"तवाच सांगितलं असतंस तर?"

"तवा सांगितलं असतं तर तू म्हनाली असतीस, माज्या शेळीला बोलते. पुन्ना भिंतीपल्याड."

धाकटी म्हणाली, "म्हनाले असते." मग तिला हसू आलं, आणि थोरलीलाही. सुनेने चहा ठेवला.

मग सगळ्यांना तो फरक बघायचा होता. मी लॅपटॉपवर केलेला बदल बंद केला, परत चालू केला, परत बंद. निळं, वांगी, निळं. जावई म्हणाला निळंच चांगलं दिसतंय. धाकटी आत जाऊन स्वतःचं लुगडं घेऊन आली, थोरलीने तिचं आणलं, आणि दोन्ही घड्या अंगणात उन्हात एकमेकींवर ठेवल्या. उन्हात फरक दिसेना. ओटीवर आणल्या, तिथेही नाही. स्वयंपाकघरात जुना पिवळा बल्ब होता, त्याच्याखाली धरल्या तेव्हा धाकटीचं किंचित तांबडं वाटलं. मुलगी म्हणाली दिसतंय, जावई म्हणाला काहीच नाही. भागीदाराने गाडीतून बॅटरीचा दिवा आणला. त्यात पुन्हा दोन्ही एक. मी दोन्ही घड्या हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत जात होते, आणि मागून सगळे. मला वाटतं त्या घरात एवढ्या बारकाईने लुगडी कोणी कधी बघितली नसतील.

प्रश्न उरला की रेकॉर्डिंगमध्ये काय ठेवायचं. मुलाचं म्हणणं, जुळलेलं ठेवा, चांगलं दिसतं. थोरलीचंही तेच. धाकटी म्हणाली, "नाय. शेळीची गोष्ट त्यात घाल. आन मग लुगडं हाय तसंच दाव. नायतर बगनाऱ्याला वाटंल, आमी खोटं बोलतो."

आणि खरंच, तिचं बरोबर होतं. एडिटिंगच्या दृष्टीनेही. गोष्टीत फरक सांगायचा आणि चित्रातून तो पुसायचा, हे कसं जमेल?

लगेच जाणं झालं नाही. लग्नसराई आली, दोघी गाण्यात आणि आम्ही शूटिंगमध्ये अडकलो, मग पावसाळा. शेळीची गोष्ट घ्यायला गेलो तेव्हा पाऊस ओसरला होता आणि ओटीच्या समोर शेतात भात कमरेएवढं उभं होतं. तीच ओटी, तेच खांब, दोघी त्याच जागी, त्याच लुगड्यांत. मला जुन्या मुलाखतीशी हे सगळं पुन्हा जुळवायचं होतं. कार्ड धरलं, दोन्ही कॅमेरे लावले, आणि पडद्यात बघते तर दोघींच्या हनुवटीखाली हिरवं. मागच्या वेळी समोर कोरडं अंगण आणि पेंढा होता. या वेळी अख्खं शेत ओटीवर हिरवा उजेड टाकत होतं. आणि या वेळी माझा नवा आणि त्याचा जुना, दोन्ही कॅमेऱ्यांचं त्यावर एकमत होतं.

सुनेकडून पांढऱ्या चादरी मागून घेतल्या आणि अंगणात अंथरल्या. थोडं कमी झालं, सगळं गेलं नाही. भागीदार म्हणाला, उरलेलं घरी काढू. मी जमिनीवर माझ्या जागी बसले. थोरली धाकटीला म्हणाली, "सांग तू. शेळी तुजी होती."

"खाल्लेलं लुगडं तुजं होतं," धाकटी म्हणाली. "तूच सांग."